कर्ता गाळता येतो तो क्रियापदामुळे की संदर्भामुळे?

नाशिकच्या एका विद्यार्थिनीला प्रश्न पडला होता: मराठीत सर्वनाम गळतं, त्याचं श्रेय क्रियापदाच्या प्रत्ययाला द्यायचं की संदर्भाला? दोन्ही उत्तरं त्याच वाक्यांवर लावून पाहू.

‘काल पंचवटीत गेलो.’ इथे ‘गेलो’मधूनच कर्ता ‘मी’ किंवा ‘आम्ही’ आहे हे कळतं. इंग्रजी ‘वेंट’ सगळ्या पुरुषांना सारखंच, म्हणून तिथे ‘आय’ लागतो. प्रत्ययाची बाजू भक्कम वाटते.

आता ‘मिसळ खाल्ली.’ क्रियापद मिसळीशी जुळलंय, कर्त्याशी नाही. खाणारा मी, ती, ते, कुणीही असू शकतो (‘तू’ असता तर ‘खाल्लीस’ झालं असतं). तरी कर्ता गाळतोच, कारण कुणाबद्दल बोलणं चाललंय ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इथे प्रत्यय अपुरा पडतो.

पण संदर्भानेही सगळं सुटत नाही. ‘उकडतंय’ म्हणताना कर्ता आठवायचाच नसतो. इंग्रजीत मात्र अर्थशून्य ‘इट’ बसवावंच लागतं, कारण कर्त्याची जागा भरणं ही तिथली वाक्यरचनेची अट आहे. डायरीत इंग्रजही ‘आय’ गाळतात, पण सहसा वाक्याच्या सुरुवातीलाच.

मराठीची तुलना इटालियन, स्पॅनिशशी करायची असेल तर प्रत्ययापासून सुरुवात करा. भूतकाळातली सकर्मक वाक्यं किंवा चिनी, जपानीशी तुलना असेल तर संदर्भ धरा.