बुटांच्या नावाखाली ५,२९८ रुपये गेले. पोरगं सांगत होतं, मी ऐकलं नाही

माझा पोरगा तेरा वर्षांचा. कोल्हापुरात पेठेत वाढलाय, फुटबॉल त्याला कुणी शिकवावा लागला नाही. पहिले खरे बूट घ्यायचे म्हणून चौदा महिने वडापावचे पैसे वाचवले. डबा ओतला तर २,६५० निघाले, दहाच्या नोटा पार तेलकट झालेल्या.

इन्स्टाग्रामवर एका पेजवर ‘ओरिजिनल’ बूट २,४९९ ला होते, डिलिव्हरीचे १५०. दुकानात ह्याच्या दुपटीहून जास्त सांगितले होते, म्हणून इकडे वळलो.

पोरानं मला एकच प्रश्न विचारायला लावला, सोल एफजी आहे का टीएफ? उन्हाळ्यात आपली मैदानं दगडासारखी होतात. एफजीचे लांब स्टड हिरवळीसाठी असतात, टणक मातीत ते रुतत नाहीत आणि सगळा भार तळपायाला टोचतो. टीएफला खाली बारीक बारीक रबरी खुंट्या, त्या कडक मैदानात चालतात. उत्तर आलं, “सर ऑल ग्राउंड ओरिजिनल, लास्ट पीस.” पोरगा म्हणाला, “पप्पा, ह्याला सोलच कळत नाही. तळाचा फोटो मागा की.”

तिथंच थांबायला पाहिजे होतं! बूट विकणाऱ्याला सोल माहीत नाही, ह्याहून मोठा पुरावा कुठला? पण परवा मॅच होती, मी कामावरून दमून आलो होतो, पोराचा हिरमोड नको वाटला. २,६४९ पाठवले. पैसे घेणाऱ्याचं नाव पेजच्या नावाशी जुळत नव्हतं, तेही बघून सोडून दिलं. तुम्ही सोडू नका.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, साइज संपली, रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन करा. केला, पिन टाकला, आणखी २,६४९ गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे मला माहीत होतं. पोराचे पैसे परत मिळतील ह्या घाईत हात चालला.

मग चौकी. तिथं म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, १९३० वर फोन करा. बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार? एकानंही व्यवहाराचा बारा आकडी नंबर लिहून घेतला नाही. एक साहेब तर हसून म्हणाले, “पाच हजारांसाठी?” चौदा महिने साठवलेत साहेब! ह्या फेऱ्यांत दीड दिवस गेला. पैसे गेले की आधी १९३० लावा, पुढच्या खात्यातून निघायच्या आत, चौकीत नंतर जा. मी शेवटी cybercrime.gov.in वर तक्रार टाकली. तक्रार क्रमांक मिळाला, पुढं काही नाही.

मंगळवारी रात्री पोरानं मोबाईल आणून दाखवला. नवीन नावाचं पेज, तेच निळ्या नाडीचे बूट, खाली तीच कोपरा फुटलेली फरशी. किंमत आता २,२९९.