ड्युटीच्या मधल्या वेळात काय करावं: फ्लॅशकार्डं की प्रश्नांचे छोटे संच?

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात असा की कदमवाडीच्या रुग्णालयात, इंटर्नला अभ्यासासाठी सलग वेळ मिळत नाही. राऊंड संपून नमुने लॅबला पोचले की वीस-पंचवीस मिनिटं सुटतात. एक्स-रेला पाठवलेला पेशंट परत येईपर्यंत सात-आठ मिनिटं मिळतात. रात्री जेवणानंतर वॉर्ड शांत असला तर पाऊण तासही मिळतो, पण तो मिळणार की नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही. या वेळात नीट पीजीचा अभ्यास करायचा तर बहुतेकांसमोर दोन पर्याय असतात. एक म्हणजे मोबाईलवर अंकी या उजळणीच्या अ‍ॅपमधली कार्डं, दुसरा म्हणजे क्वेश्चन बँकेतले दहा-दहा प्रश्न. व्हिडिओ लेक्चर हा तिसरा पर्याय, त्याबद्दल पुढे थोडक्यात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. थोडक्या वेळाचा अभ्यास म्हटलं की पोमोडोरो आठवतो: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. त्या पद्धतीचा मूळ नियम असा की पोमोडोरो मध्येच तुटला तर तो धरायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. स्वतःच्या खोलीत बसणाऱ्याला हे जमतं. सिस्टरनी कॅन्युलासाठी हाक मारली की उठावंच लागतं अशा माणसाचे दिवसभरातले बहुतेक पोमोडोरो बाद होतील. म्हणून इंटर्नने पद्धत निवडताना वेगळा निकष लावावा: मध्येच उठावं लागलं तर किती वाया जातं?

या निकषावर कार्डं सरस ठरतात. एका कार्डाला आठ-दहा सेकंद लागतात. सातव्या कार्डावर हाक आली तर सहा कार्डं झालेली असतात आणि त्यांची नोंदही झालेली असते. परत आल्यावर कुठे होतो हे शोधावं लागत नाही. अंकीचं अँड्रॉइडवरचं अ‍ॅप, अँकीड्रॉइड, फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं, त्यामुळे तळमजल्यावर रेंज नसली तरी अडत नाही. आयफोनचं अधिकृत अ‍ॅप मात्र विकत घ्यावं लागतं.

प्रश्नांचा संच तुटला तर नुकसान जास्त. परीक्षेत २०० प्रश्नांना साडेतीन तास असतात. ४० प्रश्नांचे पाच भाग, प्रत्येकाला ४२ मिनिटं, आणि वेळ संपलेल्या भागात मागे जाता येत नाही. म्हणजे एका प्रश्नाला साधारण ६३ सेकंद. दहा प्रश्न साडेदहा मिनिटांत होतात, पण संच तिथे संपत नाही. चुकलेल्या आणि अंदाजाने बरोबर आलेल्या प्रश्नांचं स्पष्टीकरण वाचायला आणखी बारा-पंधरा मिनिटं हवीत. प्रश्न सोडवून उठलात आणि स्पष्टीकरण रात्री उघडलंत, तर आपण ‘ब’ का निवडला होता हे आठवत नाही. मग बरोबर उत्तर वाचून मान डोलावली जाते आणि चूक जिथल्या तिथे राहते.

यावर तोडगा साधा आहे. पंचवीस मिनिटांची खात्री नसेल तर टायमर बंद ठेवा आणि प्रत्येक प्रश्नानंतर लगेच स्पष्टीकरण दिसेल असा मोड लावा. तेव्हा एकक दहा प्रश्नांचं न राहता एका प्रश्नाचं होतं, अंदाजे अडीच मिनिटांचं. वेळेचा सराव होत नाही, पण तो वॉर्डात करायचाही नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी ४० प्रश्न, ४२ मिनिटं, दार बंद.

मग कार्डंच का नकोत? कारण कार्ड फक्त आधी समजलेलं टिकवतं. न वाचलेल्या विषयाचा तयार डेक उघडला की कार्डाचा आकार, रंग, पहिला शब्द पाहून उत्तर पाठ होतं, आणि परीक्षेत तीच माहिती पेशंटच्या गोष्टीत लपून आली की ओळखू येत नाही. प्रश्न मात्र कुठे चुकतो ते दाखवतात. आमचं मत असं की सुरुवात प्रश्नांपासून करावी आणि कार्डं फक्त स्वतःच्या चुकांची बनवावीत.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते मेडिसिनच्या पोस्टिंगवर पाहू. समजा, राऊंडनंतरच्या वेळात प्रश्न आला: डायलिसिस चुकलेला रुग्ण, पोटॅशियम ७.२, ईसीजीत क्यूआरएस रुंद, पहिलं पाऊल कोणतं? तुम्ही इन्सुलिन-डेक्स्ट्रोज निवडलंत. उत्तर आहे कॅल्शियम ग्लुकोनेट. चूक औषध माहीत नसल्याची नाही, क्रमाची आहे. हृदयाला संरक्षण आधी, पोटॅशियम पेशीत ढकलणं नंतर, शरीराबाहेर काढणं त्यानंतर.

आता कार्ड. घाईत सगळे लिहितात तसं ‘हायपरकलेमियाचे उपचार सांगा’ असं एकच कार्ड लिहिलंत तर उत्तरात सहा मुद्दे येतील. रोज त्यातले चार आठवतील आणि कोणतं बटण दाबायचं हे कळणार नाही. असं कार्ड वारंवार चुकतं. पाठ झालेलं कार्ड आठ वेळा चुकलं की अंकी त्याला leech ठरवतं. त्याऐवजी तीन छोटी कार्डं करा. पहिलं: ईसीजीत बदल आहेत, पहिलं औषध कोणतं? दुसरं: कॅल्शियम ग्लुकोनेटने पोटॅशियम किती उतरतं? उत्तर, अजिबात नाही. परिणाम काही मिनिटांत दिसतो आणि अर्धा ते एक तास टिकतो. तिसरं: १० युनिट रेग्युलर इन्सुलिन आणि २५ ग्रॅम डेक्स्ट्रोज दिल्यावर पुढचे काही तास काय तपासत राहायचं? रक्तातली साखर, कारण इन्सुलिनचा परिणाम डेक्स्ट्रोजपेक्षा जास्त वेळ टिकतो. २५ ग्रॅम म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिली, हे वॉर्डात बाटली हातात घेतलेल्या इंटर्नला वेगळं पाठ करावं लागत नाही. पोस्टिंग ज्या विषयाचं, प्रश्नही त्याच विषयाचे घ्यावेत ते यासाठीच.

कार्डात केसपेपरचा किंवा पेशंटचा फोटो घालू नका. ईसीजीचं चित्र हवं असेल तर पुस्तकातलं घ्या.

कार्डांची खरी अडचण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळते. अंकीत रोज २० नवीन कार्डं ही मूळ सेटिंग असते. रोज तेवढी घेतलीत की काही आठवड्यांनी उजळणी त्याच्या सुमारे दहापट होते, म्हणजे दिवसाला २०० कार्डं आणि अर्धा तास. त्यात २४ तासांची कॅज्युल्टी ड्युटी आली की दुसऱ्या दिवशी ४०० कार्डं साचलेली. इथेच बरेच जण अ‍ॅप उघडणं सोडतात. इंटर्नला रोज सात-आठ नवीन कार्डं पुरेत. दहा प्रश्नांच्या दोन संचांतून सहसा तेवढ्याच चुका कार्डावर घेण्याजोग्या निघतात. त्यांची उजळणी ७०-८० कार्डांवर स्थिरावते, म्हणजे दहा-बारा मिनिटं, तीही तुकड्यांत. मोठ्या ड्युटीनंतर ढीग साचलाच तर New cards/day शून्य करा आणि ढीग उतरेपर्यंत दोन-तीन दिवस फक्त उजळणी करा.

दोन गोष्टी नाइट ड्युटीवाल्यांसाठी. अंकीचा नवा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, पहाटे ४ वाजता होतो. साडेतीनला संपवलेला कोटा सव्वाचारला पुन्हा भरलेला दिसला तर अ‍ॅप बिघडलेलं नाही. दुसरं, पेंगत असताना उत्तर आठवलं नाही तरी Again ऐवजी Hard दाबलं जातं. अ‍ॅपच्या दृष्टीने Hard म्हणजे ‘आठवलं, पण कष्टाने’. विसरलेल्या कार्डावर ते दाबत गेलात की उजळणीची अंतरं चुकीची लांबतात आणि महिन्याभराने पाठ वाटणारी कार्डं कोरी निघतात. म्हणून पहाटे २ नंतर कार्डंही नकोत. पंधरा मिनिटं मिळाली तर टेबलावर डोकं टेकवा.

व्हिडिओ लेक्चर ड्युटीवर आमच्या मते तोट्याचं आहे. दुप्पट वेगाने लावलं तरी दहा मिनिटांत एखादी संकल्पना पूर्ण होईलच असं नाही, आणि मध्ये उठून आल्यावर तीन मिनिटं मागे जावं लागतं. रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी तर नुसतं ऐकून उपयोगच नाही. अपवाद एसटीचा. ग्रामीण पोस्टिंगला गगनबावडा किंवा राधानगरीकडे जाताना हलत्या गाडीत वाचवत नाही. तेव्हा पीएसएम किंवा मानसोपचार कानावर पडू द्यावं.

जागेचाही विचार करा. पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून कार्डं पाहिलीत तर नातेवाइकांना ‘डॉक्टर मोबाईलवर आहेत’ एवढंच दिसतं. त्यांचं चुकत नाही. ड्युटी रूममध्ये बसा आणि सहइंटर्नला तसं सांगून ठेवा. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवाल तेव्हा रेसिडेंट, सिस्टर आणि वॉर्डचा नंबर अपवादांच्या यादीत घाला. युनिटचे फोन व्हॉट्सअ‍ॅप कॉलने येत असतील तर ही यादी त्या कॉलना बहुतेकदा लागू होत नाही, म्हणून आधी एकदा कुणाकडून तरी फोन करवून तपासा.

आता निवड. एकोणीस विषयांचं पहिलं वाचन झालेलं असेल तर पंधरा मिनिटांपेक्षा मोठ्या वेळात प्रश्न आणि त्याहून लहान वेळात कार्डं, असं वाटून घ्या. वाचन झालेलं नसेल तर निदान पहिले तीन-चार महिने तयार डेकच्या वाटेला जाऊ नका. चालू पोस्टिंगचा एक विषय घ्या, खोलीवर वाचा आणि ड्युटीवर त्याचेच प्रश्न टायमरशिवाय सोडवा. सर्जरी, प्रसूती किंवा कॅज्युल्टीच्या पोस्टिंगमध्ये पंचवीस मिनिटं दिवसातून एकदाही मिळाली नाहीत तर प्रश्नांचा आग्रह सोडा, जुनी कार्डं तेवढी चालू ठेवा.

कम्युनिटी मेडिसिनच्या १२ आठवड्यांत गणित उलटं होतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळची ओपीडी आटोपली की दुपारी बरेचदा सलग दीड-दोन तास हाताशी येतात. तिथेही सवयीने कार्डंच चाळत बसणारे खूप असतात. ते दोन तास ४० प्रश्नांच्या पूर्ण भागाला आणि त्याच्या स्पष्टीकरणाला द्या. पावसाळ्यात रेंज जाते, म्हणून तुमच्या अ‍ॅपमध्ये सोय असेल तर प्रश्न आदल्या रात्री कोल्हापुरातच डाउनलोड करून ठेवा.