अमराठी सहकाऱ्याचा मराठी मेल: नव्याने लिहून द्यावा की जागच्या जागी दुरुस्त करावा?

ऑफिसात एखादा सहकारी कानपूरचा किंवा कोट्टायमचा असतो. मराठी कानावर पडून शिकलेला असतो, बोलतोही बरं, आणि एक दिवस मेल पुढे करून म्हणतो, "जरा बघून द्या ना." अशा वेळी दोन वाटा असतात. एक, त्याला काय म्हणायचंय ते समजून घेऊन मजकूर आपण नव्याने लिहायचा. दुसरी, त्याच्याच मजकुरात जिथे अडतं तेवढंच बदलायचं. मी दोन्ही पद्धतींनी बरेच मेल बघून दिले आहेत. आता माझा कल एका बाजूला आहे, पण दुसरी बाजू टाकाऊ आहे असं मला वाटत नाही.

उदाहरण आमच्या पुण्यातल्या खरेदी विभागातलं घेतो. हिंदी मातृभाषा असलेल्या सहकाऱ्याने कोल्हापूरच्या एका फाउंड्रीला लिहिलेला हा मसुदा:

"नमस्कार साहेब, मी आपल्याला सूचित करू इच्छितो की मागच्या हप्त्यात पाठवलेली कास्टिंगमध्ये ४० पैकी ६ नग मध्ये ब्लोहोल निघाला आहे. मी स्वतः बघितलं. आमची लाइन थांबली आहे. कृपया तुम्ही मला सांगा की नवीन नग कधी येईल. आपल्या माणसाला पाठवून दिलं तर चांगलं राहील. तुमच्यावर विश्वास आहे, म्हणून सरळ लिहित आहे."

नव्याने लिहायचं ठरवलं की आपल्या हातून साधारण असं उतरतं: "आपल्याकडून प्राप्त झालेल्या मालात दोष आढळून आला असून त्यामुळे आमच्या उत्पादनावर विपरीत परिणाम झाला आहे. तरी याबाबत तातडीने योग्य ती कार्यवाही करावी, ही विनंती." व्याकरणाला बोट लावायला जागा नाही. वेळही कमी लागतो, कारण दुसऱ्याच्या वाक्यात शिरण्यापेक्षा स्वतःचं वाक्य लिहिणं केव्हाही सोपं. पण ४० पैकी ६ हा आकडा गेला, "मी स्वतः बघितलं" गेलं, आणि विश्वासाचं वाक्य तर पूर्णच गेलं. फाउंड्रीवाल्याच्या दृष्टीने मेलमधली सगळ्यात वजनदार वाक्यं हीच होती.

तरीही माझा निर्णय यावरून झाला नाही. थोडं लक्ष दिलं तर नव्याने लिहितानाही हे तपशील राखता येतात. मला खरा त्रास झाला तो दुसऱ्या मेलचा. पहिल्या मेलला उत्तर येतं, तेही त्याच कडक भाषेत, कारण समोरच्याला वाटतं की आता लेखी, औपचारिक व्यवहार सुरू झाला. त्यावर सहकाऱ्याला चार ओळी लिहायच्या असतात आणि पहिल्या मेलची भाषा त्याला पेलत नाही. स्वतःच्या भाषेत लिहिलं तर दोन मेल दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. म्हणून तो पुन्हा आपल्याकडे येतो, तिसऱ्या मेललाही येतो. मधेच फोन झाला तर गोंधळ आणखी वाढतो: कागदावर "कार्यवाही करावी" म्हणणारा माणूस फोनवर "साहेब, जरा बघा ना" म्हणतो आणि पलीकडच्याला कळत नाही की हा चिडलाय की नाही. एकाच मेलचं काम असतं तर मी कदाचित आजही नव्याने लिहून दिलं असतं. पण व्यवहाराचा मेल एकटा कधीच नसतो.

जागच्या जागी दुरुस्तीत क्रम महत्त्वाचा आहे, असा माझा अनुभव. आधी अर्थ बदलणाऱ्या जागा. वर अशा दोन आहेत. हिंदीतला हप्ता म्हणजे आठवडा. मराठी वाचणारा तो मालाचा हप्ता समजला, तर भलताच लॉट तपासत बसेल. दुसरी जागा "आपल्या माणसाला". हिंदीच्या सवयीने त्याला "तुमच्या माणसाला" म्हणायचंय, पण मराठीत तो "आपल्या दोघांचा", म्हणजे आमच्याकडचाही होऊ शकतो. मग फाउंड्रीवाला पुण्याहून माणूस येईल म्हणून वाट बघेल आणि आम्ही कोल्हापूरहून. या दोन चुका शुद्धलेखनाच्या चुकांसारख्या डोळ्यांत भरत नाहीत, म्हणून त्या आधी शोधाव्या लागतात.

त्यानंतर लिंग, वचन आणि विभक्ती. "पाठवलेली कास्टिंगमध्ये" याचं "पाठवलेल्या कास्टिंगमध्ये", "नग मध्ये" याचं "नगांमध्ये", "येईल" याचं "येतील", "लिहित" याचं "लिहीत". हिंदीवाल्यांना नपुंसकलिंग चकवतं, कारण हिंदीत ते नाही. "माझा पत्र मिळाला का" हे ठरलेलं. मल्याळमवाल्यांची अडचण मोठी असते, कारण त्यांच्या भाषेत क्रियापद लिंगवचनाप्रमाणे बदलतच नाही. या दुरुस्त्या निःसंकोच कराव्यात. त्यांनी लिहिणाऱ्याचा आवाज जात नाही.

आवाज जातो तो त्यापुढच्या पायरीवर, आणि तिथे हात आखडता घ्यावा. "सूचित करू इच्छितो की" मी काढलं, कारण ते हिंदी कार्यालयातून उचललेलं आहे आणि हा माणूस बोलताना तसं कधीच म्हणत नाही. "चांगलं राहील" ऐवजी "बरं होईल" केलं. "आपण" आणि "तुम्ही" यांची सरमिसळ होती, तिथे "तुम्ही" ठेवलं. पण "बघितलं"चं "बघितले" केलं नाही. तो मराठी शॉप फ्लोअरवर शिकला आहे आणि त्याची तुटक, छोटी वाक्यं तिथलीच आहेत. ती जोडून "असून", "त्यामुळे" घातलं की मेल माझा होतो. शेवटी झालं ते असं:

"नमस्कार साहेब, मागच्या आठवड्यात तुम्ही पाठवलेल्या कास्टिंगमध्ये ४० पैकी ६ नगांमध्ये ब्लोहोल निघाले आहेत. मी स्वतः बघितलं. आमची लाइन थांबली आहे. नवीन नग कधी येतील ते कृपया सांगा. तुमचा माणूस पाठवलात तर बरं होईल. तुमच्यावर विश्वास आहे, म्हणून सरळ लिहीत आहे."

कुठे थांबायचं याची माझी परीक्षा साधी आहे: मेल त्यालाच मोठ्याने वाचायला लावायचा. ज्या शब्दावर तो अडखळतो तो बहुधा मी घातलेला असतो. तो काढतो आणि त्याला विचारतो, "तू फोनवर काय म्हणाला असतास?"

या पद्धतीला वेळ जास्त लागतो, निदान सुरुवातीला, आणि सगळीकडे ती चालत नाही. महापालिकेला किंवा तलाठी कार्यालयाला अर्ज करायचा असेल तर तिथे ठरलेला साचा आहे. त्यात आवाज राखण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, सरळ नव्याने लिहून द्यावं. वकिलाच्या नजरेखालून जाणाऱ्या पत्राचंही तेच. मसुदाच इतका गुंतलेला असेल की मुद्दा सापडत नाही, तर मी तो बाजूला ठेवतो, त्याला तोंडी सांगायला लावतो आणि तो बोलेल ते जवळपास तसंच उतरवून घेतो. दिसायला हे पुनर्लेखन, पण वाक्यं त्याचीच राहतात.

तुमच्याकडे येणारा मेल एकदाच जाऊन संपणारा असेल तर पहिली पद्धत पुरेशी आहे. तोच सहकारी त्याच माणसाशी पुढे वर्षभर लिहिणार असेल, तर मी दुसरीकडे झुकेन. दुरुस्त्या मजकुरातच वेगळ्या रंगात दाखवा, म्हणजे काय बदललं ते त्याला दिसतं. "आठवडा" आमच्या सहकाऱ्याला अशाच एका रंगीत शब्दातून लक्षात राहिला. "लिहीत" मात्र मी अजूनही दुरुस्त करतो.