आयगेनव्हॅल्यूवर विसंबायचं की सिंग्युलर व्हॅल्यू बघायची? असममित मॅट्रिक्ससाठी तीन पर्यायांची तुलना

मॉडेलच्या मॅट्रिक्सची सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू 1 पेक्षा कमी आली, म्हणजे सिस्टिम स्थिर, असं लिहून प्रोजेक्टचा रिपोर्ट संपवण्याची पद्धत आहे. मॅट्रिक्स सममित असेल तर त्यात फारसं वावगं नाही. असममित असेल तर मात्र त्या एका आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी तीन मार्ग आहेत: नुसत्या आयगेनव्हॅल्यू काढणं, त्यांचा कंडिशन नंबर बघणं, किंवा zI − A या मॅट्रिक्सची सर्वांत लहान सिंग्युलर व्हॅल्यू तपासणं. तिन्ही एकाच उदाहरणावर लावून बघू.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून माहीमच्या खाडीपर्यंत जाणारी मिठी नदी घ्या. मॉडेलसाठी तिचे 20 टप्पे पाडले. दर तासाला प्रत्येक टप्प्यातलं निम्मं प्रदूषक तिथंच राहतं आणि निम्मं पुढच्या टप्प्यात जातं; शेवटच्या टप्प्यातून निघालेलं समुद्रात. हे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. मॅट्रिक्सच्या कर्णावर सगळीकडे 0.5, त्याच्या लगेच खालच्या कर्णावरही 0.5, बाकी सगळी शून्यं. मॅट्रिक्स त्रिकोणी असल्यामुळे वीसही आयगेनव्हॅल्यू 0.5 आहेत, हे कागदावरच दिसतं.

आता विसाव्या टप्प्यातून पहिल्या टप्प्यात जाणारी नोंद, जी शून्य होती, ती ε करा. समीकरण सुटसुटीत येतं: (λ − 0.5)²⁰ = 0.5¹⁹ · ε. इथे ε = 2⁻²¹, म्हणजे साधारण 0.0000005 ठेवलं की λ − 0.5 चं माप बरोबर 0.25 येतं. वीसही आयगेनव्हॅल्यू 0.5 वरून उठून 0.25 त्रिज्येच्या वर्तुळावर पसरतात आणि त्यातली एक 0.75 वर जाऊन बसते. बदल कोटीत पाच भागांचा, आणि आयगेनव्हॅल्यू दीडपट. कारण समीकरणातच आहे: बदलाचं विसावं मूळ घेतलं जातं, आणि अगदी बारीक संख्येचंही विसावं मूळ तेवढं बारीक राहत नाही.

सममित मॅट्रिक्समध्ये हे घडत नाही. साचलेल्या पाण्यात दोन्ही बाजूंना सारखीच देवाणघेवाण असेल, म्हणजे कर्णावर 0.5 आणि दोन्ही शेजारी 0.25, तर त्याच 0.0000005 च्या बदलाने कुठलीही आयगेनव्हॅल्यू तेवढ्यापेक्षा जास्त सरकत नाही. तिथे आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब असतात, त्यामुळे बदल वाढवून दाखवणारं कुणी नसतं. आपल्या नदीच्या मॅट्रिक्सला मात्र वीस आयगेनव्हॅल्यूंसाठी एकच स्वतंत्र आयगेनव्हेक्टर आहे.

मग पहिला पर्याय, नुसत्या आयगेनव्हॅल्यू. स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. पण तो फक्त शेवटचं चित्र सांगतो. 0.5 बघून कुणीही म्हणेल की दर तासाला माल निम्मा होतो आणि 20 तासांनी दहा लाखात एक भाग उरतो. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यात टाकलेल्यापैकी 20 तासांनी समुद्रात जातो तोच दहा लाखात एक भाग, कारण बाहेर पडायला त्या कणाने विसाही तासांत न थांबता पुढे सरकलेलं असावं लागतं. 40 तासांनीसुद्धा जवळजवळ 44 टक्के माल नदीतच असतो. आयगेनव्हॅल्यू चुकीची नाही, पण तिचा अंमल फार उशिरा सुरू होतो.

दुसरा पर्याय कंडिशन नंबर. डावा आणि उजवा आयगेनव्हेक्टर एकेक लांबीचे करून त्यांच्या गुणाकाराचा व्यस्त घ्यायचा. मॅटलॅबमध्ये `condeig` हेच देतं. आयगेनव्हॅल्यू एकमेकींपासून नीट वेगळ्या असतील तर हा माझ्या मते पहिल्यांदा बघायचा आकडा आहे. 10000 आला तर डेटामधली शेवटच्या अंकाची चूक दहा हजारपट होऊन आयगेनव्हॅल्यूत येऊ शकते, इतकं सरळ. पण तो फक्त अगदी सुरुवातीचा उतार मोजतो. आपल्या उदाहरणात डावा आणि उजवा व्हेक्टर परस्परांना लंब आहेत, गुणाकार शून्य, आणि कंडिशन नंबर अनंत. धोका आहे हे कळलं. किती बदलाने किती सरकेल, हे कळलं नाही.

तिसरा पर्याय नेमकं तेच विचारतो: z ही संख्या आयगेनव्हॅल्यू व्हायला A मध्ये कमीत कमी किती बदल लागेल? उत्तर म्हणजे zI − A ची सर्वांत लहान सिंग्युलर व्हॅल्यू. वेगवेगळ्या z साठी ती काढून नकाशा केला की त्याला स्यूडोस्पेक्ट्रम म्हणतात. पाच ओळींत बघता येतं:

```python
import numpy as np
A = 0.5*np.eye(20) + 0.5*np.eye(20, k=-1)
B = A.copy(); B[0, 19] = 2.0**-21
print(max(abs(np.linalg.eigvals(B))))                     # 0.75
print(np.linalg.svd(np.eye(20) - A, compute_uv=False)[-1])  # 0.0383
```

दुसरा आकडा नीट बघा. 0.75 पर्यंत जायला 0.0000005 सुद्धा पुरतं, पण स्थिरतेची सीमा, म्हणजे 1, गाठायला किमान 0.038 इतका बदल लागतो. तुमच्या नोंदी तिसऱ्या दशांशापर्यंत खऱ्या असतील, तर सिस्टिम स्थिर आहे असं निर्धास्त लिहा. फक्त सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू 0.50 आहे असं लिहू नका, कारण त्यातला एकही अंक तुमचा डेटा तुम्हाला देत नाही. प्रश्न स्थिरतेचा असेल तर मी तिसराच पर्याय घेईन. खर्चाची धास्ती वाटते तेवढी नसते: मॅट्रिक्स आधी शूर रूपात त्रिकोणी करून घेतली की प्रत्येक z चं काम n³ वरून n² च्या घरात येतं. शिवाय स्थिरतेसाठी सगळा नकाशा लागत नाही, एकक वर्तुळावरचे z पुरतात.

या पर्यायाची एक मर्यादा मात्र निर्णयाआधी लक्षात घ्यायला हवी. तो मॅट्रिक्सची कुठलीही नोंद बदलू शकते असं धरतो. माहीमचं पाणी एका तासात थेट पवईला पोचत नाही, त्यामुळे कोपऱ्यातलं ते शून्य पक्कं आहे, मोजमापाच्या चुकीतून आलेलं नाही. शेजारच्या टप्प्याचं तसं नाही. भरतीच्या वेळी खालचं पाणी वर ढकललं जातं. कर्णाच्या लगेच वरची नोंद सगळीकडे 0.0001 केली तर सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू 0.514 होते, 0.01 केली तर 0.64. इथे बदलाचं वर्गमूळ येतं, विसावं मूळ नाही. म्हणून कुठली शून्यं पक्की आहेत हे ठाऊक असेल, तर ती तशीच ठेवा, उरलेल्या नोंदी त्यांच्या चुकीच्या मर्यादेत शंभर-दोनशे वेळा हलवा आणि दर वेळी आयगेनव्हॅल्यू काढा. ते ठाऊक नसेल, तर 0.038 हाच आकडा धरून चाला.