स्टायलिस्टच्या पत्रावर आठ महिने: काय जमलं, काय फसलं

गेल्या जूनमध्ये एका स्टायलिस्टकडून 'मला काय शोभतं' याचं पत्र करून घेतलं. भेट नाही, सगळं फोटोंवर. अडीच हजार रुपये. मी बारा फोटो पाठवले, आठवड्याने दोन पानी पत्र आलं: कोणते रंग, कसा कट, कुठे सैल, कुठे घट्ट. तेव्हापासून ठाण्यात खरेदी करताना ते फोनमध्ये उघडून बघते. आता आठ महिने झाले, म्हणून लिहिते.

आधी जे फसलं ते. पत्रात होतं, 'ताई, तुम्हाला मोहरी, गंजका केशरी, मेंदी हे उबदार रंग खुलतील. पांढऱ्यात चेहरा मलूल दिसतो.' मी गोखले रोडवरून मोहरी रंगाचा कुर्ता घेतला. ऑफिसात दोघींनी विचारलं, बरं नाही का? आरशात खिडकीजवळ बघितलं तर खरंच, कावीळ झाल्यासारखा चेहरा.

मग पाठवलेले फोटो पुन्हा काढून बघितले. निम्मे रात्रीचे होते, हॉलमधल्या पिवळ्या दिव्याखालचे. आमची भिंत पांढरीशुभ्र, फोटोत ती सायीसारखी आलेली. भिंत पिवळी झाली तर माझी कातडी कशी सुटेल? पांढऱ्या कुर्त्याचं कारण वेगळं निघालं. फ्रेममध्ये पांढरं जास्त असलं की फोन आपणहून उजेड कमी करतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्या कुर्त्यात उलट होतं, चेहरा उजळ येतो. म्हणजे पत्रात माझ्या रंगापेक्षा फोनच्या कारभाराचंच वर्णन होतं.

हे स्टायलिस्टला कळवलं. तिने चूक मान्य केली आणि पैसे न घेता पुन्हा फोटो मागवले, हे तिच्या बाजूने नमूद करायला हवं. या वेळी अटी होत्या: सकाळी दहा-अकराला खिडकीकडे तोंड करून उभं राहायचं, घरातले दिवे बंद, ब्यूटी फिल्टर बंद, हनुवटीखाली साधा पांढरा कागद धरायचा. अंगात एकच राखाडी टी-शर्ट, त्यावर ओढण्या बदलायच्या. कागद पांढरा दिसला नाही तर फोटो बाद. दुसऱ्या पत्रात मोहरी गेली. आमसुली, डाळिंबी आणि मोरपंखी आले. आमसुली कुर्ता सहा महिने घालतेय, कुणी तब्येतीची चौकशी केलेली नाही.

फिटिंगचा भाग मात्र पहिल्याच पत्रात नेमका होता. तिने माझ्या फोटोवर लाल रेघ मारून दाखवलं होतं: काखेपासून खांद्याकडे तिरक्या चुण्या पडतात, आणि बाहीची शिवण खांद्याच्या हाडावरून खाली ओघळलेली. माझी छाती एल मापाची, खांदा एमचा. रेडिमेड एलमध्ये खांदा पंधरा इंच येतो, माझा चौदा. मी इतकी वर्षं याला 'जरा सैल बरं' म्हणत होते. तिचा सल्ला: एलच घ्या, खांदा दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच आत घ्या, मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेतली गोलाई, थोडा वर उचला.

नौपाड्यातल्या आमच्या टेलरकाकांनी आधी कुरकुर केली. बाह्या उसवून पुन्हा लावायच्या, दीडशे रुपये आणि चार दिवस. पण मुंढा वर गेल्यावर लोकलमध्ये हँडल धरताना कुर्ता कमरेपर्यंत वर ओढला जाणं थांबलं. मला वाटायचं ऐसपैस मुंढ्यात हात मोकळा राहतो. प्रत्यक्षात खोल मुंढा हातासोबत सगळा कुर्ता वर खेचतो. खांद्यावर भरतकाम असलेल्या कुर्त्यांना मात्र काकांनी हात लावला नाही, आत घेतलं तर नक्षी कापली जाते.

लांबीचंही तसंच. माझी उंची पाच फूट एक इंच. चाळीस इंची कुर्ता बरोबर पोटरीच्या सगळ्यात जाड जागी संपायचा. तीन इंच कमी करून गुडघ्याच्या जरा खाली आणला, फरक लगेच दिसला.

साड्यांवर पत्रात दोनच ओळी, त्याही कुणालाही लागू पडतील अशा. शिवाय सगळे फोटो उभ्याचे. बसल्यावर पोटावर कुर्ता ताणतो का, बाजूचा कट किती उघडतो, हे त्यात येत नाही, आणि मी दिवसातले आठ तास बसलेली असते. पत्र करून घेणार असाल तर खुर्चीत बसलेला आणि हात वर केलेला असे दोन फोटो न मागता जोडा.

मोहरी कुर्ता नणंदेला दिला. तिने घालून फोटो पाठवला, छान दिसतेय. मी आधी मागची भिंत बघितली.