सर्च रिपोर्ट स्वच्छ, तरीही फ्लॅटचा जवळपास निम्मा हिस्सा दुसऱ्यांचा

जुळे सोलापुरात आम्ही घेतलेला दोन बेडरूमचा रिसेल फ्लॅट सध्या दिवाणी न्यायालयाच्या मनाई हुकुमाखाली आहे. व्यवहार 24 लाखांचा झाला. खरेदीखत रीतसर नोंदवलेलं आहे, पैसे पूर्ण चुकते झाले आहेत, ताबाही आमच्याकडे आहे. तरीही फ्लॅट विकता येत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही. असा वारशाने आलेला फ्लॅट बघणारे सोलापुरात बरेच असतील, म्हणून नेमकं काय झालं ते लिहितो.

फ्लॅट मूळ विकणाऱ्याच्या वडिलांचा. त्यांनी 1998 मध्ये बिल्डरकडून घेतला आणि 2011 मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव होतं, म्हणून भागदाखला मुलाच्या नावावर झाला. महापालिकेच्या घरपट्टीवरही त्याचंच नाव. आमच्या खरेदीखतात मुलगा आणि त्याची आई असे दोघे 'लिहून देणार' होते. एक बहीण आहे, लग्न होऊन कलबुर्गीला असते, हेही त्यानं लपवलं नाही. "बहिणीनं हक्क सोडलाय सर, हे बघा नोटरी," असं म्हणून त्यानं स्टॅम्प पेपरवरचं हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. वकिलांचा सर्च रिपोर्ट आला, त्यात एकही बोजा नाही, एकही वाद नाही.

रजिस्ट्री झाल्यावर काही महिन्यांनी बहिणीच्या वकिलाची नोटीस आली, आणि एकेक धागा सुटत गेला.

पहिला धागा सर्चचा. दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक 2 मध्ये नोंदवलेले दस्त दिसतात: खरेदी, गहाण, बक्षीसपत्र, नोंदवलेलं हक्कसोडपत्र. माणूस वारला की त्याच क्षणी त्याच्या वारसांना हिस्सा मिळतो, पण त्याचा कुठलाही दस्त होत नाही. त्यामुळे तीस वर्षांचा सर्च केला तरी 1998 चा करार दिसतो आणि त्यानंतर काहीच दिसत नाही. मधल्या काळात मालकीचे तुकडे झाले आहेत, हे त्या कागदावर उमटतच नाही.

दुसरा धागा नॉमिनीचा. नॉमिनेशनमुळे सोसायटीला कोणाशी व्यवहार करायचा ते ठरतं, मालक कोण ते ठरत नाही. इंद्राणी वाही प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये सांगितलं की सोसायटीनं नॉमिनीच्या नावे भाग वर्ग करावेत, पण वारसांना आपला हक्क वेगळा मागता येतो. महाराष्ट्रात 2019 च्या दुरुस्तीनंतर तर नॉमिनी तात्पुरता सभासद म्हणूनच घेतला जातो. म्हणून भागदाखल्यावरचं नाव किंवा घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा धरू नका.

तिसरा धागा त्या हक्कसोडपत्राचा, आणि फसवणूक खरी इथे झाली. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर तो दस्त नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 प्रमाणे नोंदवावाच लागतो. नोटरीच्या शिक्क्यानं हक्क सुटत नाही. बहिणीचं म्हणणं असं, की भावानं 'सोसायटीच्या कागदासाठी' म्हणून तिची सही घेतली होती. ते खरं असो वा नसो, कागद नोंदलेला नव्हता, म्हणून तिचा हिस्सा तिच्याकडेच राहिला. खरं हक्कसोडपत्र असेल तर त्याला दस्त क्रमांक असतो आणि त्याची सूची क्रमांक 2 निघते. विकणारा नुसता कागद दाखवत असेल तर दस्त क्रमांक मागा; तो देता आला नाही तर व्यवहार तिथेच थांबवा.

चौथी गोष्ट कोणाच्याच ध्यानात नव्हती. ती बहिणीच्या वकिलानं काढली. वडील वारले तेव्हा आजी हयात होती. हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे मृत पुरुषाची आई ही बायको-मुलांच्या बरोबरीनं पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे 2011 ला वारस चार: बायको, मुलगा, मुलगी आणि आई, प्रत्येकी पाव हिस्सा. आजी 2015 मध्ये वारली. तिचा पाव हिस्सा तिच्या तीन अपत्यांच्या शाखांत गेला: काका, आत्या आणि वारलेल्या वडिलांची दोन मुलं. फ्लॅटचे चोवीस भाग केले तर मुलाचे सात, मुलीचे सात, त्या दोघांच्या आईचे सहा, काकांचे दोन आणि आत्याचे दोन. आम्हाला विकणाऱ्या मायलेकांचे मिळून तेरा. उरलेले अकरा भाग, म्हणजे आम्ही दिलेल्या किमतीतले अकरा लाख, त्यांच्या विकण्याच्या हक्कातच नव्हते. शिवाय अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला काही हिस्साच बाहेरच्यानं घेतला असेल, तर त्याला बाकीच्यांबरोबर संयुक्त ताब्याचा हक्क मिळत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सांगतं. बहिणीच्या बाजूनं तोच मुद्दा आमच्याविरुद्ध मांडला आहे.

आता खरेदीखताचा मसुदा पुन्हा वाचला की फट सरळ दिसते. त्यात 1998 चा करार आहे, आणि लगेच पुढचं वाक्य: 'सदर सदनिका लिहून देणार यांचे मालकी व कब्जेवहिवाटीची असून सोसायटीच्या दप्तरी त्यांचे नावे वर्ग झाली आहे.' वडील कधी वारले, मृत्युपत्र होतं का, मागे कोण कोण राहिलं, याचा एक शब्द नाही. मसुदा हातात आला की एका मालकाकडून दुसऱ्याकडे मिळकत कशी गेली ते प्रत्येक टप्प्यावर बोट ठेवून वाचा. जिथे 'मयत' हा शब्द यायला हवा आणि येत नाही, तिथे मृत्यूची तारीख आणि त्या तारखेला हयात असलेल्या सर्व वारसांची नावं लिहून घ्या. मृताची आई तेव्हा होती का, हा प्रश्न तोंडानं विचारा आणि तिचा मृत्यूदाखलाही मागा.

नावं पडताळायला विकणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र पुरेसं नाही, ते त्यानंच लिहिलेलं असतं. त्या काळातली शिधापत्रिका बघा. सोसायटीच्या दप्तरातला भाग वर्ग करण्याचा अर्ज विकणाऱ्याला सभासद म्हणून काढून आणायला सांगा. आमच्या बाबतीत त्याच अर्जात बहिणीचं नाव स्पष्ट लिहिलेलं निघालं, आणि आजीचंही. शंका उरली तर दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आणायला लावा. वेळ लागतो, पण तो न्यायालयात जाहीर नोटीस होऊन मिळतो. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस द्यावीच, पण तिच्यावर विसंबू नका. आमची नोटीस सोलापूरच्या मराठी दैनिकात आली. कलबुर्गीत राहणाऱ्या बाईला ती दिसली नाही, आणि न दिसल्यानं तिचा हक्क बुडाला नाही.

खरेदीखतात 'कोणाची हरकत आल्यास लिहून देणार स्वखर्चाने निवारण करतील' हे कलम असतंच. आमच्याकडेही आहे. मुलानं मिळालेले पैसे दुसऱ्या धंद्यात घातले आहेत, त्याच्या नावावर आता काही नाही. दावा जिंकला तरी वसुली कशातून करायची, हे वकीलही सांगू शकत नाहीत. पोलिसांकडे तक्रार दिली आहे, पण हा दिवाणी वाद आहे असं तिथलं म्हणणं. बहीण सात लाखांत नोंदवलेलं हक्कसोडपत्र द्यायला तयार आहे. आत्याही तयार आहेत. काका नाहीत, आणि त्यांच्या सहीशिवाय मिळकत निर्वेध होत नाही, म्हणून दाव्याची तारीख पुढची पडली आहे.