दहा दिवसांचा पॅरामेट्रिक व्हार, आठ महिने वापरून झाल्यावर

आठ महिने झाले, रोज संध्याकाळी मार्केट बंद झालं की एक्सेलची शीट उघडतो आणि एकच आकडा बघतो, पुढच्या दहा ट्रेडिंग दिवसांत माझ्या शेअर्समध्ये जास्तीत जास्त किती तोटा होऊ शकतो, ९५ किंवा ९९ टक्के खात्रीने. व्हॅल्यू ॲट रिस्क, थोडक्यात व्हार, आणि त्यातला सगळ्यात सोपा प्रकार, पॅरामेट्रिक. म्हणजे जुन्या भावांवरून रोजच्या चढउताराचं स्टँडर्ड डेव्हिएशन आणि शेअर्समधलं कोरिलेशन काढायचं, रिटर्न्स नॉर्मल कर्व्हसारखे पसरलेत असं मानायचं, की बाकी नुसता गुणाकार.

माझंच उदाहरण देतो, आकडे सोपे केलेत. एकूण १० लाख, तीन शेअर्समध्ये ५, ३ आणि २ लाख. रोजचं स्टँडर्ड डेव्हिएशन अनुक्रमे १.४, १.८ आणि २.५ टक्के, म्हणजे पैशात ७,०००, ५,४०० आणि ५,०००. नुसती बेरीज केली तर १७,४०० होते, पण तिन्ही एकाच दिवशी एकसारखे पडत नाहीत. पहिल्या-दुसऱ्याचं कोरिलेशन ०.४, पहिल्या-तिसऱ्याचं ०.३, दुसऱ्या-तिसऱ्याचं ०.५. ते धरलं की पूर्ण पोर्टफोलिओचं एका दिवसाचं स्टँडर्ड डेव्हिएशन साधारण १३,४७० येतं. दहा दिवसांसाठी १० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने गुणायचं, झाले ४२,६००. मग ९५ टक्क्यांसाठी १.६४५ ने गुणलं की ७०,०००, आणि ९९ साठी २.३२६ ने गुणलं की ९९,०००. सरासरी रिटर्न मी शून्य धरतो, दहा दिवसांत तो इतका किरकोळ असतो की त्याचा अंदाज बांधण्यातच जास्त चूक होते. शीटमध्ये हे सगळं एका ओळीत बसतं, B मध्ये रकमा आणि F ते H मध्ये COVARIANCE.S ने काढलेला रोजचा तक्ता:

```
=NORM.S.INV(0.99)*SQRT(10)*SQRT(SUMPRODUCT(MMULT(F2:H4,B2:B4),B2:B4))
```

आता अनुभव. पहिले दोन महिने मी ९५ आणि ९९ असे दोन्ही आकडे ठेवले होते, दोन वेगळी मतं घेतल्यासारखं वाटायचं. एक दिवस सहज भागाकार केला तर उत्तर १.४१४. दुसऱ्या दिवशी १.४१४. नंतर शेअर्स बदलले, रकमा बदलल्या, तरी तेच! आणि वेगळं येणार तरी कसं, २.३२६ भागिले १.६४५ म्हणजेच १.४१४. म्हणजे ९९ टक्के निवडल्यावर मॉडेल तुमच्या शेअर्सच्या वाईट दिवसांकडे जास्त बारकाईने बघत नाही, तेच स्टँडर्ड डेव्हिएशन घेऊन मोठ्या आकड्याने गुणतं, बास. हे कळायला मला दोन महिने लागले याची जरा लाजच वाटते.

आणि खरा फरक नेमका तिथेच आहे. १६५ ट्रेडिंग दिवसांची नोंद माझ्याकडे आहे, त्यात एका दिवसाच्या व्हारपेक्षा जास्त तोटा किती वेळा झाला ते मोजलं. ९५ ला अपेक्षा साधारण ८ वेळा, झाला ९ वेळा, उत्तम. ९९ ला अपेक्षा दीड-पावणेदोन वेळा, झाला ४ वेळा. एवढ्या कमी दिवसांवर यातून काही सिद्ध होत नाही, मॉडेल बरोबर असतानाही दहा-बारापैकी एखाद्या वेळी निव्वळ योगायोगाने असं होऊ शकतं, पण शेअर्सचे मोठे धक्के नॉर्मल कर्व्ह सांगतो त्यापेक्षा जास्त वेळा येतात हे माहीतच आहे, त्यामुळे मला तरी नवल वाटलं नाही.

मग विचारलं जातं, एका दिवसाचा का मोजला, वापरतोस तर दहाचा? कारण दहाचा मोजताना फसलो होतो. रोज मागचे दहा दिवस घेतले की त्या खिडक्या एकमेकींवर चढतात, आजच्या आणि कालच्या खिडकीत नऊ दिवस तेच असतात. मधे एक जोरदार पडझड झाली आणि माझ्या तक्त्यात ९९ च्या रेषेच्या खाली लागोपाठ सहा नोंदी लाल झाल्या, मी घाबरलो की मॉडेल सहा वेळा चुकलं, खरं तर घटना एकच होती. न चढणाऱ्या खिडक्या घ्याव्यात तर आठ महिन्यांत फक्त १६ भरतात, त्यावरून ९९ टक्क्यांची परीक्षा घेणार कशी?

त्या पडझडीबद्दल थोडं जास्त लिहितो. सगळ्यात वाईट दहा दिवसांत तोटा १,३१,००० झाला, व्हार सांगत होता ९९,०००. माझा पहिला अंदाज, पडताना सगळे एकत्र पडतात, म्हणजे कोरिलेशनने दगा दिला. म्हणून तिन्ही कोरिलेशन १ टाकून बघितली, म्हणजे विविधतेचा फायदा पूर्ण शून्य. तरी उत्तर १,२८,०००च! म्हणजे एकट्या कोरिलेशनवर खापर फोडता येत नाही, स्टँडर्ड डेव्हिएशनच त्या दिवसांत वाढलं होतं, आणि माझी शीट मागच्या २५० दिवसांना सारखंच वजन देत असल्यामुळे तिला ते कळायला आठवडे लागले. शिवाय १० चं वर्गमूळ हे मानतं की रोजचा दिवस कालपासून सुटा आहे. पडझडीत आजचा घसरता दिवस उद्यालाही थोडा खाली ओढतो, शेजारच्या दिवसांत नुसतं ०.१ इतकं कोरिलेशन असलं तरी ३.१६ चं ३.४६ होतं, म्हणजे व्हार ९ टक्क्यांनी कमी दाखवला जातोय.

एक चूक मात्र पूर्ण माझी. एकदा काही खरेदी-विक्री न करता व्हार ९९,००० वरून एकदम ८५,००० वर आला. मी खूश, दोन दिवस तसाच बसलो. मग लक्षात आलं की तिन्ही शेअर्सचं स्वतःचं स्टँडर्ड डेव्हिएशन तर जसंच्या तसं आहे, मग हा कमी झाला कुठून? तिसऱ्या शेअरच्या डाउनलोड केलेल्या भावांत अलीकडचीच एक तारीख गायब होती, त्यामुळे त्याआधीच्या सगळ्या ओळी एकाने सरकल्या आणि त्याचा सोमवार बाकीच्यांच्या मंगळवाराशी जुळवला जात होता. त्याचं दोघांशीही कोरिलेशन जवळपास शून्य झालं आणि जोखीम कागदावरच उतरली. तेव्हापासून तारखा जुळतात का ते तपासणारा एक कॉलम आहे. (बोनस किंवा स्प्लिटनंतर भाव ॲडजस्ट केला नाही तर उलटं होतं, एका दिवसात निम्मा तोटा दिसतो आणि व्हार आकाशाला भिडतो, पण ते निदान लगेच डोळ्यात खुपतं.)

तर सध्या ९५ चा आकडा मी मनापासून वापरतो, कुठल्या शेअरमुळे जोखीम वाढतेय आणि २ लाखांचे ३ केले तर काय होईल हे बघायला तो झकास आहे, उत्तर सेकंदात मिळतं. ९९ चा काढला नाहीये, पण त्याच्या शेजारी सगळी कोरिलेशन १ धरलेला आकडा लिहितो आणि पैसे बाजूला ठेवताना त्याकडेच बघतो. या महिन्यापासून २५० दिवसांना सारखं वजन द्यायचं सोडून जे. पी. मॉर्गनच्या रिस्कमेट्रिक्समधलं ०.९४ चं घटतं वजन लावलंय, आकडा रोज जास्त हलतो आणि शांत दिवसांत जरा जास्तच खाली जातो, ते मला अजून पूर्ण पटलेलं नाही.